भोंगा थांबल्यावर झोप कुठे जाते? निवृत्तीनंतर सुटलेला दिवस आणि तो परत बांधण्याची रीत

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात दोन पिढ्या भोंग्यावर जगल्या. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या तालुक्यांतही सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली. कारखान्याच्या भोंग्यावर कामगार पाळीला जायचे. त्याच भोंग्यावर आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये चूल पेटायची, मुलं उठायची, डबे भरले जायचे. आपल्या समाजातले अनेक जण या कारखान्यांमध्ये बॉयलरवर, गव्हाणीवर, गोदामात आणि वॉचमन म्हणून लागले. गावकीच्या कामातून सुटून ठरलेल्या तासांचं, ठरलेल्या पगाराचं काम मिळालेली ही पहिली पिढी. ती पिढी आता निवृत्त झाली आहे.

वस्त्यांमध्ये काम करताना या घरांतून आम्हाला एक तक्रार सारखी ऐकू येते, "रात्री झोपच लागत नाही." खोलात विचारलं की बहुतेक वेळा चित्र असं दिसतं: झोप उशिरा लागते, मधूनच मोडते, पहाटे पुन्हा लागते आणि सकाळी उशिरापर्यंत उठवत नाही. दिवसभर अंग जड राहतं. घरचे म्हणतात, वय झालं. डॉक्टर गोळी देतात. नोकरी सोडून परीक्षेच्या तयारीला लागलेल्या विशीतल्या मुलांकडूनही जवळपास हीच तक्रार येते, म्हणजे सगळा दोष वयावर टाकून चालणार नाही. हे कसं घडतं आणि त्यावर घरच्या घरी काय करता येतं, ते या लेखात एका उदाहरणातून सांगत आहोत. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील बदलले आहेत.

शरीराचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं

झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ मध्ये त्यांची मांडणी केली आणि आजही झोपेचं शास्त्र तिच्यावरच उभं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. उठल्या क्षणापासून ती साचायला लागते. जितका वेळ जागे राहू, जितकं अंग चालेल, तितकी ती वाढते आणि झोपलो की ती फिटते. दुपारी दोन तास झोप काढणं म्हणजे जेवणाआधी पोटभर फराळ करणं. मग रात्री ताटावर बसलं तरी जेवण जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते मेंदूत असतं आणि डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लावलं जातं. बहुतेक माणसांत या घड्याळाचा एक फेरा २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणून ते मोकळं सोडलं तर रोज काही मिनिटं मागे पडतं. सकाळचा उजेड त्याला पुढे ओढतो आणि रात्रीचा उजेड आणखी मागे ढकलतो. नोकरीवर असताना सकाळी ठरल्या वेळी घराबाहेर पडावंच लागतं, त्यामुळे हे घड्याळ आपल्या नकळत रोज लागत राहतं. नोकरी सुटली की ते लावणारं कुणी उरत नाही. आज अर्धा तास उशिरा उठलो, उद्या आणखी थोडा, असं करत दोन-तीन महिन्यांत झोपेची वेळ दोन-तीन तास सरकते. रोजची वाढ इतकी लहान असते की घरात ती कुणाच्या लक्षात येत नाही.

झोप हलकी होण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते माणसाला उलटं वाटतं. झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो आणि उशिरापर्यंत पडून राहतो. सहा-साडेसहा तासांची झोप दहा तासांच्या अंथरुणावर पसरते आणि पसरली की पातळ होते. वयोमानाने गाढ झोपेचा वाटा कमी होतो हे खरं, पण वयोमानाने झोपेची वेळ सहसा अलीकडे येते. म्हाताऱ्या माणसाला लवकर झोप येते आणि पहाटे जाग येते. म्हणून साठीचा माणूस रात्री एक वाजता झोपून सकाळी साडेआठला उठत असेल, तर ते वयामुळे होत असण्याची शक्यता कमी आहे. तिथे दिवसाची घडी मोडली आहे का, हे आधी पाहावं.

घड्याळ हरवलेलं गाव

दिवसाची घडी मोडते तेव्हा काय होतं याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास ऑस्ट्रियातल्या मारियेनथाल या गावात झाला. व्हिएन्नाजवळच्या या गावात जवळपास सगळे एकाच कापडगिरणीवर जगत होते. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. बेकार माणूस चळवळीत उतरेल, वाचेल, संघटित होईल, अशी तेव्हा अनेकांची अपेक्षा होती. घडलं उलटं. मोकळा वेळ भरपूर असूनही गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. संशोधकांनी रस्त्यावरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला, तर पुरुष सावकाश चालत होते आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. दिवसभर काय केलं हे लिहून द्यायला सांगितलं, तर उठणं, जेवणं आणि झोपणं याखेरीज त्यांना फारसं आठवत नव्हतं.

बायकांचं तसं नव्हतं. पगार त्यांचाही गेला होता, पण स्वयंपाक, धुणी आणि मुलं तशीच होती. त्यांचा दिवस भरलेलाच राहिला.

यावरून याहोडा यांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर आणखी काही गोष्टी देते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांची गाठभेट, सगळ्यांनी मिळून काही केल्याची भावना, समाजातली ओळख आणि हातापायांना काम. हे सगळं पगारासोबत न मागता येतं, त्यामुळे ते जाईपर्यंत आपल्याकडे होतं हेच कळत नाही.

इथे एक दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रान्समधल्या वीज आणि गॅस कंपनीच्या कामगारांचा निवृत्तीच्या आधीची आणि नंतरची काही वर्षं मिळून अभ्यास झाला. त्यात निवृत्तीनंतर झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचं दिसलं. कामाचा ताण गेला आणि हाती चांगली पेन्शन होती. म्हणजे निवृत्तीने झोप बिघडतेच असं नाही. पण कारखान्यातून निवृत्त झालेल्या आपल्या माणसाच्या हाती बहुधा ईपीएस-९५ ची पेन्शन असते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये ठरलेली आहे. एवढ्या पैशांत माणूस प्रवासाला जात नाही, शहरात चक्कर मारत नाही, चहाच्या टपरीवर बसायलाही कचरतो. तो घरातच राहतो, आणि घरात त्याला बसायला जागा म्हणजे कॉट.

काकांचा एक दिवस

आमच्या ओळखीचे एक काका श्रीरामपूरकडच्या एका वस्तीत राहतात. वय ६१. पूर्वी कारखान्यात बॉयलरवर होते. हंगामात फिरती पाळी असायची: चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. "पहिले दोन महिने आपोआप जाग यायची," काका सांगतात. "मग म्हणलं, आता कशाला उठायचं? घड्याळच काढून ठिवलं." तीन वर्षांनी त्यांनी आमच्याकडे विषय काढला तो झोपेच्या गोळीचा. गोळी कुठली चांगली, असं ते विचारत होते.

आम्ही त्यांना एक वही दिली आणि सात दिवस पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: आडवं कधी झालो, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये किती वेळ जागे होतो, अंथरूण कधी सोडलं, आणि दिवसा कधी व किती झोपलो. रात्री घड्याळाकडे पाहायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. घड्याळ पाहत राहिलं की काळजीनेच जाग राहते.

सात दिवसांची सरासरी अशी निघाली. रात्री १० ला आडवे. मोबाईल पाहत १ च्या सुमारास झोप. साडेतीनला लघवीला उठणं, मग पुन्हा मोबाईल. साडेचारला परत झोप, ८ ला उठणं. दुपारी जेवून दीड ते चार पुन्हा कॉटवर, त्यातला दीडेक तास झोप. घराबाहेर पहिलं पाऊल संध्याकाळी पाचला.

हिशोब वहीवरच मांडला. रात्री अंथरुणात १० तास, त्यात झोप आधी अडीच आणि नंतर साडेतीन, म्हणजे ६ तास. झोपेला अंथरुणातल्या वेळेने भागून १०० ने गुणलं की ६० टक्के येतात. हा आकडा साधारण ८५ च्या पुढे असला की झोप सलग आहे असं मानतात. दुपारचा दीड तास धरला तर चोवीस तासांत काका साडेसात तास झोपत होते. म्हणजे त्यांची झोप हरवलेली नव्हती. बांध फुटलेल्या वाफ्यातल्या पाण्यासारखी ती सगळीकडे पसरली होती. हे वहीत दिसल्यावर गोळीचा विषय त्यांनी आपणहून सोडला.

बांध कसा घातला

पहिली गोष्ट, उठण्याची वेळ पक्की केली: रोज सकाळी ६, रविवार असो की पौर्णिमा, रात्र कशीही गेली असो. झोपण्याची वेळ माणसाच्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून सुरुवात नेहमी उठण्यापासून करतात.

दुसरी गोष्ट, अंथरुणातला वेळ कमी केला. झोप ६ तासांची आहे, तर अंथरूण साडेसहा तासांचंच ठेवायचं. रात्री साडेअकराच्या आधी कॉटवर जायचं नाही. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाला उशिरा झोपायला सांगणं घरच्यांना चमत्कारिक वाटलं. पण झोपेची भूक साचवण्याचा हाच मार्ग आहे. आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली आणि जुनाट निद्रानाशावरच्या उपचारात ती आजही वापरतात. यात अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली नेत नाहीत.

तिसरी गोष्ट, उजेड. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर राहायचं. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या सुमारास, म्हणून थंडीत ही वेळ थोडी पुढे जाते. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. खिडकीशी बसण्यापेक्षा अंगणात बसलेलं बरं.

चौथी गोष्ट, दुपार. झोप एकदम बंद केली नाही. तीनच्या आत, फार तर अर्धा तास, तीही खुर्चीत बसून. चारनंतर चहा नाही, कारण चहातल्या उत्तेजक द्रव्यातलं निम्मं घालवायला शरीराला साधारण पाच तास लागतात. पाणी दिवसा भरपूर प्यायचं, झोपण्याच्या दोन तास आधी कमी करायचं.

पाचवी गोष्ट, कॉट फक्त झोपेसाठी. बसणं, टीव्ही, मोबाईल सगळं खुर्चीवर. मध्यरात्री जाग आली आणि बराच वेळ झोप येईना, तर उठून खुर्चीवर बसायचं, दिवा मंद ठेवायचा आणि झोप आली की परत जायचं.

दर आठवड्याला टक्केवारी काढायची. ८५ च्या वर गेली तर झोपायला पंधरा मिनिटं आधी जायचं. ८० ते ८५ असेल तर तीच वेळ ठेवायची. ८० च्या खाली असेल तर नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं कमी करतात, पण वय पाहून आम्ही तसं केलं नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. साडेसहा तासांत झोप ५ तास, म्हणजे ७७ टक्के. काका चिडचिडे झाले आणि सोडून द्यायला निघाले. वही पाहिल्यावर घोटाळा सापडला. रात्री आठला टीव्हीसमोर त्यांचा डोळा लागत होता. काकू म्हणाल्या, "घोरत्यात, अन् म्हणत्यात झोपलोच नव्हतो." ही चाळीस मिनिटांची डुलकी दिवसभर साचवलेली भूक खाऊन टाकत होती. या पद्धतीत सगळ्यात जास्त माणसं इथेच अडखळतात.

आठ वाजता विहारात

तेव्हा वर्षावास सुरू होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. या वस्तीतही रात्री आठ ते नऊ वाचन होतं. काका कधीतरी जाऊन मागे बसायचे. तरुण मंडळाने त्यांच्याकडे वाचनाची पाळी दिली, एक दिवसाआड एक प्रकरण. "पाळी" हा शब्द ऐकून काकांना हसू आलं. पण वाचायचं म्हणजे आधी पाहून ठेवावं लागतं, चष्मा शोधावा लागतो, आठच्या आत अंघोळ आणि जेवण आटपावं लागतं. डुलकीची जागाच गेली.

दुसऱ्या आठवड्यात साडेसहा तासांत झोप ५ तास ४० मिनिटं झाली, म्हणजे ८७ टक्के. झोपण्याची वेळ सव्वाअकरा केली. तिसऱ्या आठवड्यात अंथरुणातले पावणेसात तास, झोप ५ तास ५५ मिनिटं, पुन्हा ८७ च्या पुढे. वेळ ११ केली. चौथ्यात वाढ थांबली, टक्केवारी ८३ वर आली, म्हणून तिथेच थांबलो. सहाव्या आठवड्यात अंथरुणातल्या सात तासांत झोप ६ तास २० मिनिटं झाली. शेवटी रात्री पावणेअकरा ते सकाळी सहा यावर गाडी स्थिर झाली. लघवीला एकदा उठणं अजून आहे, पण पंधरा मिनिटांत परत डोळा लागतो. तासांची बेरीज पूर्वीपेक्षा थोडी कमीच भरते, तरी काका म्हणतात सकाळी अंग हलकं असतं.

दिवसाला आखणी देणं ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नाही. भिक्खूंच्या दिनचर्येत रात्रीचे तीन याम केलेले आहेत. पहिल्या आणि शेवटच्या यामात चंक्रमण आणि ध्यान, मधल्या यामात झोप. भोजन माध्यान्हाच्या आत. उपासकांसाठी उपोसथाचे दिवस आणि पावसाळ्यात वर्षावास. घरसंसारी माणसाने भिक्खूंइतकी कमी झोप घ्यावी असा याचा अर्थ नाही. त्यात घेण्यासारखं हे आहे की झोपेला हद्द आहे आणि ती हद्द संघाने मिळून पाळायची आहे. पाचव्या शीलाचाही इथे थेट संबंध येतो. दारूने झोप लवकर लागते म्हणून अनेक निवृत्त माणसं रोज 'थोडीशी' घेतात. पण तीच दारू उत्तररात्री झोप मोडते. मग जाग आली की आणखी थोडी, असा फेरा सुरू होतो.

आश्विन पौर्णिमेनंतर

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, वाचन संपलं, विहाराला कुलूप लागलं. कार्तिक उजाडेपर्यंत काकांची डुलकी परत आली होती. तीन आठवड्यांत उठण्याची वेळ साडेसातवर गेली. वहीत हे स्पष्ट दिसत होतं आणि चूक आमची होती. आम्ही सगळी आखणी एका अशा गोष्टीला बांधली होती, जिला शेवटची तारीख होती.

दोन बदल केले. पहिला घरात. काकू पहाटे पाचला उठतात आणि गेली पस्तीस वर्षं उठत आहेत. काका निवृत्त झाल्यावर त्यांचं काम उलट वाढलं होतं. दिवसभर घरात माणूस, चार वेळा चहा, आठला नाश्ता वेगळा. मारियेनथालच्या बायकांसारखी ही बाई कधी निवृत्त झालीच नव्हती. सकाळी सव्वासहाला नळाला पाणी येतं. ते भरणं आणि नातीला सातच्या शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं काकांकडे आलं. नळ कुणासाठी थांबत नाही आणि गाडीही थांबत नाही. गजर बंद करता येतो, नातीला "आज नको" म्हणता येत नाही. काकूंनाही सकाळी बसून चहा प्यायला वीस मिनिटं मिळाली.

दुसरा बदल विहारात. वस्तीतली सहा मुलं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. घरात जागा नाही म्हणून ती रात्री अभ्यास करून दुपारी उठत होती. त्यांना सकाळी बसायला विहार हवा होता, पण रोज उघडणार कोण, यावर गाडी अडली होती. आता विहाराची किल्ली काकांकडे आहे. सकाळी साडेसातला कुलूप उघडणं, झाडणं, वंदना, आणि संध्याकाळी आठ ते नऊ पुन्हा उघडं ठेवणं ही त्यांची जबाबदारी. उशीर झाला तर मुलं पायरीवर बसून फोन करतात. पुढच्या चार महिन्यांत वहीतली उठण्याची वेळ सहाच्या पुढे एकदाच गेली, तीही ताप होता म्हणून.

नोकरी सोडलेल्या तरुणांसाठी वेगळी रीत

या सहा मुलांपैकी एकाने नगरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून तयारी सुरू केली होती. तो पहाटे ३ ते ११ झोपायचा. आठ तास, सलग आणि गाढ. त्याची अडचण काकांपेक्षा वेगळी होती. झोप पसरली नव्हती, सरकली होती. विशीत शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं, त्यात रात्री डोळ्यांसमोर मोबाईलचा उजेड. अशा मुलाच्या अंथरुणाचे तास कमी करू नयेत. त्याने उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणली, उठल्याबरोबर उघड्यावर गेला आणि रात्री अकरानंतर दिवा मंद व मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला. चार तास अलीकडे यायला त्याला महिना लागला. मध्ये एका लग्नाच्या वरातीने आठवडाभराची मेहनत मागे नेली. परीक्षेचा पेपर सकाळी असतो, तेव्हा ज्याचा मेंदू अकराला जागा होतो त्याने हे परीक्षेआधी दोन महिने तरी सुरू करावं.

कुठे थांबायचं

प्रत्येक बिघडलेली झोप वहीने सुधारत नाही. मोठ्याने घोरणं, मध्ये श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या बसल्या झोप लागणं असेल तर तो श्वासाचा आजार असू शकतो. तिथे अंथरूण कमी करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. काकाही घोरत होते म्हणून त्यांना आधी तपासून घेतलं होतं. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट तपासावं. फिट येणारे, मानसिक आजारात अति उत्साहाचे झटके येणारे, वाहन चालवणारे, उंचावर किंवा यंत्रावर काम करणारे यांनी अंथरुणातले तास स्वतःहून कमी करू नयेत, कारण पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा झोप येते. झोपेची गोळी आधीपासून चालू असेल तर ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

माणूस पहाटे उठून एकटा बसतो, जेवण सोडतो, कशातच मन लागत नाही, आपण ओझं झालो असं बोलतो, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि १००० रुपयांच्या पेन्शनची काळजी कुठल्याही दिनचर्येने मिटत नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं आणि कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याआधीच्या आपल्या पिढ्यांना वतनापायी रात्री-अपरात्री कुणीही हाक मारू शकत होतं. दिवस आपल्या मालकीचा होणं ही आपल्या समाजासाठी जुनी गोष्ट नाही. भोंगा थांबल्यावर तो दिवस पुन्हा कुणाच्या तरी हाती जातो, टीव्हीच्या, मोबाईलच्या नाहीतर कॉटच्या. आपल्या वस्तीतल्या विहाराला दिवसा कुलूप असेल आणि शेजारच्या गल्लीत एखादे काका सकाळी नऊपर्यंत पडून असतील, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत किल्लीचा विषय घ्या. काकांकडे किल्ली देताना एक वहीही द्या, आणि पहिल्या आठवड्यात रोज रात्री आठला त्यांच्या घरावरून एक चक्कर मारा.